प्रकल्प नोंदी: दृश्य २७, एक्केचाळीस सेकंदांचं भांडण

सोमवार, ३ मार्च

दृश्य २७ हातात घेतलं. रात्रीचं स्वयंपाकघर, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ, चौदा वाक्यं, एकूण ४१ सेकंद. मूळ इंग्रजी, आपल्याला मराठी डबिंग करायचं आहे. सबंध भागात ओठ इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाहीत, म्हणून याच्या नोंदी वेगळ्या ठेवतो आहोत.

भाषांतराआधी व्हिडिओ तपासला आणि तिथेच पहिली गडबड निघाली. संवादयादीतली पहिली वेळ चित्राशी बरोबर जुळत होती. दहा मिनिटांपुढचं वाक्य मात्र यादीतल्या वेळेच्या २४ सेकंद आधीच येत होतं. फरक सगळीकडे सारखा असता तर सुरुवातीची वेळ चुकली असं म्हणता आलं असतं. इथे तो वाढत जात होता, म्हणजे फ्रेमचा वेग वेगळा. विचारून घेतलं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate -of csv=p=0 kaam.mov
```

उत्तर आलं `25/1`. यादी २४ फ्रेमच्या मूळ प्रतीवरून बनवलेली, आणि कामाची प्रत कुणीतरी २५ च्या वेगाने काढलेली. त्या प्रतीत आपलं ४१ सेकंदांचं दृश्य ३९.४ सेकंदांत संपतं. तिच्यावर बेतलेली वाक्यं खऱ्या प्रतीवर सगळीच आखूड पडली असती. २४ ची प्रत मागवून घेतली आणि दृश्याचा तुकडा वेळ छापून काढला:

```
ffmpeg -ss 00:14:02 -i kaam_24.mov -t 41 -vf "drawtext=timecode='00\:14\:02\:00':rate=24:fontsize=40:fontcolor=white:x=40:y=40" drushya27.mp4
```

म्युझिक-इफेक्ट्सचा ट्रॅकही ऐकला. खुर्ची सरकते, ग्लास टेबलावर ठेवला जातो, हे आवाज आहेत. श्वास, उसासे, हुंकार नाहीत. ते बहुतेक वेळा मूळ संवादांबरोबरच निघून जातात. म्हणजे ते संहितेत लिहावे लागतील, कलाकाराच्या भरवशावर सोडता येणार नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

आजचा दिवस आवाज बंद करून फक्त तोंडं पाहण्यात गेला. `mpv` मध्ये `.` दाबलं की एक फ्रेम पुढे, `,` दाबलं की एक फ्रेम मागे. २४ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंद.

प्रत्येक वाक्यासाठी चारच गोष्टी टिपल्या: तोंड कधी हलायला लागलं, कधी थांबलं, ओठ पूर्ण कधी मिटले, आणि गोल कधी झाले. मिटण्याला ●, गोल होण्याला ○. खालचा ओठ दाताला लागतो (फ, व) तिथे फक्त बारीक टिंब, कारण ते क्लोजअपशिवाय दिसत नाही. मधल्या थांब्याला एक तिरकी रेघ, अर्ध्या सेकंदापेक्षा मोठा असेल तर दोन. जीभ काय करते ते प्रेक्षकाला दिसत नाही. त, न, ल, स, क यांत हवी तेवढी अदलाबदल चालते.

प, ब, भ, म ओठांवर एकसारखेच दिसतात. मूळात ‘म’ असेल तिथे मराठीत ‘ब’ आला तरी काही बिघडत नाही. उलटी चूक जास्त त्रास देते, म्हणजे चित्रातलं तोंड उघडं आणि कानावर ‘ब’. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली हे प्रयोगाने दाखवलं होतं: ओठ ‘ग’ म्हणताना दिसले आणि आवाज ‘ब’चा असला, तर बहुतेकांना तिसराच, ‘द’सारखा आवाज ऐकू येतो. डबिंगमध्ये त्याचा परिणाम असा की प्रेक्षक ‘ओठ जुळत नाहीत’ असं म्हणत नाही, ‘शब्द नीट कळला नाही’ असं म्हणतो. मग आपण उगाच रेकॉर्डिंगला दोष देत बसतो.

खुणा करताना शॉटही लिहिला. चौदा वाक्यांपैकी पाच क्लोजअपमध्ये, चार कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये. उरलेल्या पाचांत बोलणाऱ्याची पाठ आहे किंवा कॅमेरा ऐकणाऱ्यावर आहे. या शेवटच्या पाचांसाठी फक्त वेळ सांभाळायची. डोकं खपवायचं ते पहिल्या पाचांवर.

बुधवार, ५ मार्च

भाषांतराचा पहिला खर्डा मोजून पाहिला. अर्थाने चांगला आहे, पण लिहिलेली अक्षरं मोजून बसवलेला आहे, आणि मराठीत ती मोजणी फसवते. ‘विकलंस’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना दोनच ठोके: विक-लंस. ‘करतोय’ चार अक्षरं, ठोके दोन: कर-तोय. ‘आठवण’ चार, ठोके दोन: आठ-वण. चित्रातला जबडा ठोक्यांनी उघडतो, लिपीने नाही. म्हणून इथून पुढे टेबलावर बोट आपटत, वाक्य मोठ्याने म्हणूनच मोजणी. मनात वाचून मोजलं की शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘अ’ हटकून मोजला जातो.

खर्ड्यात सहा वाक्यं ‘आहे’ने संपत होती. ‘आलो आहे’चं ‘आलोय’ केलं की चाराचे दोन ठोके होतात, आणि घरातली माणसं बोलतात तसंच वाटतं. क्रियापदातून कर्ता कळतो तिथे ‘मी’, ‘तू’ गाळले. एवढ्यावरच पाठमोऱ्या वाक्यांपैकी चार मापात बसली, त्यांना पुन्हा हात लावायची गरज नाही.

संबोधनाचा प्रश्न आजच मिटवून टाकला. मूळात भाऊ बहिणीला नावाने हाक मारतो: ‘पॅम’. मराठीत धाकटा भाऊ ‘ताई’ म्हणेल, हे खरं. पण ‘पॅम, प्लीज’ अगदी जवळून आहे. तीनदा ओठ मिटतात, आणि ‘ताई’ म्हटलं की त्यातले पहिले दोन वाया जातात. शिवाय आधीच्या भागांत ‘पॅम’च गेलेलं आहे. एका दृश्यात ताई आणि दुसऱ्यात पॅम ही ओठ न जुळण्यापेक्षा मोठी चूक. नाव ठेवलं, दोघांत ‘तू’ ठेवलं. ‘तू’चा फायदा असा की इंग्रजी ‘यू’ला ओठ जसे गोल होतात तसेच ‘तू’लाही होतात. पण ओठांच्या सोयीसाठी कुठे ‘तू’, कुठे ‘तुम्ही’ असं कधीही करायचं नाही. नातं एकदा ठरलं की ठरलं.

गुरुवार, ६ मार्च

दिवसभर एकच वाक्य. बहीण, पूर्ण क्लोजअप: ‘यू नेव्हर केम होम.’

३६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद. ठोके पाच, सावकाश आणि जड. २० व्या फ्रेमला ‘केम’चा म मिटतो. २५ पासून ओठ गोल, ३१ ला ‘होम’चा म मिटतो, आणि मग तोंड मिटलेलंच राहतं. कॅमेरा आणखी सेकंदभर तिच्यावरच आहे. म्हणून ती शेवटची मिटणी कुठल्याही परिस्थितीत मिळवायची.

खर्ड्यात होतं: ‘तू कधीच घरी आला नाहीस.’ ठोके नऊ. दीड सेकंदात नऊ ठोके बोलता येतात, त्यात अवघड काही नाही. पण चित्रात जबडा पाचदाच उघडतो, आणि सावकाश उघडतो. वर घाईचा आवाज बसला की ती चिडलेली न वाटता वैतागलेली वाटते. शिवाय ओठ मिटणारं एकही अक्षर नाही आणि शेवट ‘हीस’ असा फाकलेला.

अशा वेळी आम्ही वाक्य शेवटाकडून बांधतो. आधी ओठ मिटून संपणारे शब्द काढायचे: थांब, काम, ठाम, झोप, खूप, लांब, कायम, संताप, हिशेब, कुलूप. त्यातले या भांडणात शोभतील असे वेगळे करायचे. ‘घरी न येणं’ ही गोष्ट ‘लांब राहणं’ म्हणून सांगता येते. म्हणून ‘तू राहिलास लांब.’ ठोके पाच, शेवट बरोबर, पण वाक्य कवितेतून आल्यासारखं, आणि २० व्या फ्रेमला काही नाही. मग यादीतला दुसरा शब्द कामाला आला:

```
मूळ   : यू ○ | नेव्- | -हर | केम ● | होम ○ ●
मराठी : तू ○ | तर  | का- | -यम ● | लांब ●
फ्रेम  : ०    | ७   | १२  | १७–२० | २५–३१
```

‘तू तर कायम लांब.’ पाच ठोके, दोन्ही मिटण्या जागेवर. ‘आहेस’ गाळल्यामुळे टोमणा धारदार झाला, तो बोनस. दोन गोष्टी सुटल्या. ‘नेव्हर’मध्ये खालचा ओठ दाताला लागतो, तिथे ‘तर’ आहे, आणि ‘होम’ला ओठ गोल होतात तिथे आ आहे. पहिली दोन फ्रेमची गोष्ट आहे, सोडून दिली. दुसऱ्यासाठी कलाकाराने ‘लां’ थोडा आवळून, ‘लॉं’च्या दिशेने म्हणायचा.

संहितेत आणखी एक सूचना लिहिली: शेवटचा ब फोडायचा नाही. मराठीत ‘लांब’ म्हणताना शेवटी ओठ हलकेच सुटतात आणि एक बारीक ‘ब’ ऐकू येतो. चित्रात ओठ सुटतच नाहीत. त्यामुळे ‘लांम्’वर थांबायचं, ब गिळायचा. कानाला तरीही ‘लांब’च ऐकू येतं.

‘घरी’ हा शब्द गेल्याने पुढचं एक उत्तर अडकतं. भाऊ म्हणतो: ‘आय ॲम होम नाउ.’ शब्दशः ‘मी आता घरी आहे’ ठेवलं तर ‘लांब’शी सांधा जुळत नाही. सुदैवाने तिथे त्याची पाठ आहे आणि कॅमेरा बहिणीच्या चेहऱ्यावर. ‘आलोय ना आता.’ मूळ चार ठोक्यांचं, हे पाचांचं, साधारण पाच फ्रेम बाहेर जातं, पण तिथे कुणाचंच तोंड दिसत नाही. चालेल.

सोमवार, १० मार्च

भावाचं लांब वाक्य: ‘इफ यू हॅड कॉल्ड मी, / इव्हन वन्स, / आय वुड हॅव कम.’ एकूण ७२ फ्रेम: २२ बोलतो, ५ थांबतो, १४ बोलतो, ११ थांबतो, २० बोलतो. ‘इव्हन वन्स’ला एक बोट वर करतो. छातीपर्यंतचा शॉट.

खर्डा: ‘तू मला एकदा जरी फोन केला असतास तर मी आलो असतो.’ शुद्ध मराठी, पण एका श्वासाचं. थांबे कुठे द्यायचे? ‘एकदा जरी’नंतर तोडलं तर बोट वर होतं तेव्हा आपण ‘फोन’वर असतो. मूळात ‘एकदा’ ही मागाहून सुचलेली भर आहे, ती पहिल्या अर्ध्यात गेली की बोटाला काही अर्थ उरत नाही. थांबे ही चित्राची हाडं आहेत. मराठीचा नेहमीचा क्रम त्यांच्यासाठी मोडायचा, आणि बोलताना आपण तो मोडतोच:

‘फोन केला असतास, / एकदा तरी, / आलो असतो मी.’

पहिला भाग पाच ठोके, मूळातही पाच. ‘इफ’च्या फ वर ‘फोन’चा फ बसतो, आणि पाठोपाठचा ओ ‘यू’च्या गोल ओठांवर. ‘मी’ची मिटणी मात्र चुकते. ती भागाच्या शेवटी आहे, पण तिच्यावर जोर नाही आणि ओठ दोनच फ्रेम मिटतात. ‘मला’ जोडून पाहिलं, ठोके सात झाले आणि पहिला थांबाच खाल्ला गेला. मिटणी सोडली. थांबा आणि मिटणी यांत निवडायची वेळ आली की थांबा जिंकतो: बंद तोंडातून आवाज येणं कुणालाही दिसतं, चुकलेला ‘म’ शोधावा लागतो.

शेवटच्या भागात ‘कम’चा म मिटतो आणि ओठ मिटलेले राहतात. ‘मी’चा म तिथे बरोबर बसतो, पण त्यापाठची ई बंद ओठांवर पडते. ती दोन-तीन फ्रेमच्या आत संपवायची. आवाज आणि चित्र यांच्या फरकाबद्दल आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ शिफारशीत आकडे आहेत: आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, मागे पडला तर १२५ पर्यंत खपतो. ते आकडे संपूर्ण ट्रॅक सरकण्याबद्दलचे आहेत, एका स्वराबद्दल नाहीत. तरी पट्टी म्हणून उपयोगी पडतात: आपल्या फ्रेममध्ये आधी एक, मागून तीन. म्हणून शंका असेल तिथे मराठी आवाज चित्राच्या मागे राहू द्यायचा, पुढे कधीच नाही.

मंगळवार, ११ मार्च

दोन छोटी वाक्यं, दोन्हींत अडचण क्रमाची किंवा शेजाराची.

भाऊ: ‘यू सोल्ड द हाउस.’ २४ फ्रेम, आणि ‘सोल्ड’वर मान झटकतो. खर्डा ‘तू घर विकलंस’, ठोके चार, माप अगदी बरोबर. पण मानेचा झटका ‘घर’वर येतो आणि अर्थ बदलतो: जणू दुसरं काही विकलं असतं तर चाललं असतं. ‘तू विकलंस घर’ केलं. ठोके तेवढेच, झटका ‘विक’वर.

बहीण: ‘स्टॉप.’ ११ फ्रेम, क्लोजअप, तोंड आधीपासून उघडं. ‘थांब’ इतकं चपखल की तपासायचीही गरज वाटली नाही. आ उघडा, शेवटी ओठ मिटलेले. तोंडाच्या आत जाणारा श्वास आधी आठ फ्रेम दिसतो, तो संहितेत ‘(श्वास आत)’ असा लिहिला.

बुधवार, १२ मार्च

चित्रासमोर कच्चं वाचन, मोबाइलवर रेकॉर्ड करून. सुटी सुटी जुळवलेली वाक्यं सलग ऐकली की काय होतं ते आज कळलं. ‘थांब.’ आणि त्याच तोंडातून सहा सेकंदांनी ‘तू तर कायम लांब.’ सरळसरळ यमक. खोलीतले दोघे हसले, आणि हे दृश्य हसण्याचं नाही.

‘लांब’ला हात लावायचा नव्हता, तेव्हा ‘थांब’ गेलं. ‘बस’ला ओठ सुरुवातीला मिटतात, उलटं. ‘पुरे’चं तेच. ‘गप.’ शेवटी प, एक ठोका, आणि बहीण भावाला असंच म्हणेल. अ हा आ इतका मोकळा नाही, जबडा चित्रात जास्त उघडतो, पण जोरात म्हटलं की कळत नाही. यादीत नोंद: ओठ मिटून संपणारे शब्द मराठीत थोडेच असल्यामुळे तेच तेच परत येतात. एका दृश्यात एकाच स्वराचे दोन नकोत.

शुक्रवार, १४ मार्च

रेकॉर्डिंग. बहिणीच्या कलाकाराला ‘लांब’चा ब गिळायला चार टेक लागले. ‘ब सोडा’ असं सांगून उपयोग झाला नाही, ‘म्हणून झाल्यावर ओठ मिटलेलेच ठेवा, मी हात खाली करेपर्यंत’ असं सांगितल्यावर लगेच जमलं. सूचना आवाजाची नको, तोंडाची हवी.

‘आलो असतो मी’ला सगळ्या टेकमध्ये ‘मी’ लांबली. शेवटचा शब्द ओढणं हा मराठी कान आहे, कलाकाराचा दोष नाही. संहितेत ‘मि’ असं ऱ्हस्व लिहून दिलं. शुद्धलेखन चुकलं, टेक बरोबर आला.

श्वास, उसासे आणि ग्लास उचलतानाचा हुंकार शेवटी वेगळ्या फेरीत घेतले.

शनिवार, १५ मार्च

बसवणी. वाक्य आधी सुरुवातीवरून नाही, सर्वांत ठळक मिटणीवरून लावायचं. ‘कायम’चा म २० व्या फ्रेमवर आणला की ‘तू’ आपोआप एक फ्रेम उशिरा पडला, ते चालतं. ‘फोन केला असतास’ ३ टक्के आखडावं लागलं. त्याहून जास्त लागलं असतं तर ताणाताणी न करता वाक्य परत लिहिलं असतं, कारण ४-५ टक्क्यांनंतर स्वर चेपल्यासारखे ऐकू येतात आणि शेजारच्या वाक्याशी पोत जुळत नाही.

तपासणी दोनदा केली. एकदा आवाज बंद ठेवून संहिता हातात घेऊन, एकदा संहिता न बघता, ज्याने हे दृश्य पाहिलेलंच नाही अशा माणसाला बसवून. त्याला ओठांबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त कुठला शब्द कळला नाही तेवढं विचारलं. त्याने एकच सांगितला: ‘पॅम, प्लीज’ नंतरच्या वाक्यातला ‘बघ’. पाहिलं तर ‘बघ’चा ब दोन फ्रेम आधी, उघड्या तोंडावर. मागे सरकवला.

शब्दसूचीत भर: ‘तू तर कायम लांब’ जसंच्या तसं राखायचं, एक अक्षरही न बदलता. हेच वाक्य शेवटच्या भागात आठवण म्हणून नुसत्या आवाजात परत येतं. तिथे ओठ नाहीत, त्यामुळे ‘घरी कधी आला नाहीस’ असं लिहायचा मोह होईल.